बशीच्या पाठीवर लिहिलेला देश

उपनगरातली जुनी इमारत पुनर्विकासाला गेली की आधी पोटमाळे रिकामे होतात. अंधेरी असो, घाटकोपर असो की मुलुंड, आपल्या कोकणातल्या घरांच्या माळ्यांवर एक वस्तू हमखास सापडते. ती म्हणजे जुन्या चिनी मातीच्या भांड्यांची ट्रंक. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या रकाब्या, झाकण हरवलेला डोंगा, कान तुटलेला कप. सोबत एक ठरलेलं वाक्यही येतं, ‘ही परदादांनी बोटीवरून आणलेली विलायती भांडी.’ आमच्या घरीही ट्रंक निघाली आणि वाक्यही निघालं. फरक एवढाच की आमच्याकडे त्या वाक्यावर वारसाहक्क अडकला होता.

आमचे परदादा बोटीवर भंडारी होते, म्हणजे खलाशांचं जेवण रांधायचे. त्यांची नल्ली, म्हणजे खलाशाच्या नोकरीची नोंदवही, अजून घरात आहे. त्यातली पहिली नोंद 1909 सालची आणि शेवटची 1932 सालची. 1938 मध्ये दाभोळ खाडीकाठच्या गावी त्यांचा इंतकाल झाला. त्यांना दोन मुलगे होते. थोरले आमचे दादा आणि धाकटे मुलुंडच्या चाचांचे वडील. ट्रंकेतली भांडी परदादांची असतील तर त्यांवर मुलुंडच्या घराचाही हक्क येतो. एखादी वस्तू आमच्या दादीने स्वतःच्या पैशांनी घेतली असेल, तर ती तिच्या मुलांची, म्हणजे आमच्या मरहूम अब्बांची आणि घाटकोपरच्या फुफूची. इतकी वर्षं ट्रंक बंद होती, तेव्हा हा प्रश्न कुणाला पडला नाही. इमारत पाडायची तारीख आली आणि तो समोर उभा राहिला.

त्यातच अंधेरीतला एक जुन्या वस्तूंचा व्यापारी घरी येऊन गेला. त्याने एकेक भांडं हातात घेतलं, ‘सगळा माल इंग्लिश, दीडशे वर्षांचा’ असं सांगितलं आणि सगळ्याचे मिळून बारा हजार देऊ केले. आम्ही चार भावंडांनी त्याला थांबायला सांगितलं. विकायचं की वाटायचं हे नंतर ठरवता येईल, पण वस्तू कुठली आणि कुठल्या काळातली हे आधी कळायला हवं होतं. ते कळण्याची जागा भांड्याच्या पाठीवर असते.

चिनी मातीच्या भांड्याच्या तळाला कारखान्याचा शिक्का असतो. शिक्क्यात मुकुट, सिंह, जहाज, फूल असं काहीही असू शकतं आणि नजर आधी त्या चित्रावरच जाते. पण चित्रावरून देश कळतोच असं नाही, कारण मुकुट आणि सिंह अनेक देशांतल्या कारखान्यांनी वापरले. उपयोगाचा असतो तो चित्राखालचा बारीक मजकूर, आणि त्यातही देशाच्या नावाची ओळ. ही ओळ कारखान्यांनी हौसेने घातलेली नाही. ती कायद्यांनी त्यांच्याकडून घालून घेतली, आणि कायद्यांना तारखा असतात. म्हणून त्या ओळीवरून देशाबरोबर काळाचाही अंदाज बांधता येतो.

यातला पहिला मोठा कायदा ब्रिटनचा, 1887 सालचा. जर्मनीत बनलेल्या सुऱ्या-कात्र्यांवर इंग्रजी गावाचं नाव ठोकून त्या इंग्रजी म्हणून विकल्या जात होत्या. ते थांबवण्यासाठी परदेशी मालावर देशाचं नाव घालणं भाग पडलं. दोनच वर्षांनी, 1889 मध्ये, हिंदुस्थानातही तशाच धर्तीचा कायदा आला. बाहेरच्या मालावर इंग्लंडातला किंवा इथला उत्पादक वाटावा असं नाव वा चिन्ह असेल, तर माल खरा कुठल्या देशातला हे त्यावर स्पष्ट लिहिलेलं हवं, नाहीतर तो बंदरात अडायचा. तिसरा कायदा अमेरिकेचा. 1890 मध्ये तो मंजूर झाला आणि 1 मार्च 1891 पासून तिथे येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत घालणं सक्तीचं झालं. कारखानदार प्रत्येक बाजारासाठी वेगळा शिक्का बनवत बसत नसे. अमेरिकेसाठी घातलेलं ‘इंग्लंड’ मुंबईला येणाऱ्या ताटल्यांवरही उमटायचं. म्हणून परक्या देशाचा कायदा आपल्या माळ्यावरच्या रकाबीची तारीख सांगू शकतो.

आता या तारखा वापरायच्या कशा? ज्या वर्षी एखादा शब्द वापरात आला, त्याच्या आधीचं ते भांडं असू शकत नाही, किंवा असण्याची शक्यता फार थोडी. ही झाली खालची मर्यादा. वरची मर्यादा मात्र तो शब्द सहसा देत नाही. ‘इंग्लंड’ हा शब्द 1891 च्या सुमाराला सर्रास झाला म्हणून ‘इंग्लंड’ लिहिलेली प्रत्येक ताटली त्याच काळातली ठरत नाही. कारखाने तो शब्द पुढे कित्येक दशकं वापरत राहिले. आणि शब्द नसणं हा तर पुरावाच नव्हे. देशाचं नाव नाही म्हणजे भांडं 1891 च्या आधीचं, असं व्यापारी ठामपणे सांगतात. पण अमेरिकेला न जाणाऱ्या मालावर ते नाव नसू शकतं, कधी ते कागदी चिठ्ठीवर असायचं आणि पहिल्याच धुण्यात निघून जायचं, कधी एका संचातल्या काही भांड्यांवर शिक्का असायचा आणि बाकीच्यांवर नसायचाच.

आम्ही कामाला लागलो ते असं. प्रत्येक भांडं कोमट पाण्याने धुतलं आणि खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरलं. पुसट शिक्का समोरून दिसत नाही, तिरप्या उजेडात दिसतो. मोबाइलने फोटो काढून मोठा करून पाहिला. मग एका वहीत शिक्क्यावरचा प्रत्येक शब्द जसाच्या तसा उतरवला आणि त्यांचे पाच रकाने केले: कारखाना, गाव, मालाचा प्रकार, नक्षीचं नाव वा नंबर, आणि देश. हे रकाने फार उपयोगी पडले, कारण घोटाळे होतात ते एका रकान्यातला शब्द दुसऱ्यात टाकल्याने. आमच्या भाच्याने एका ताटलीवर ‘आयर्नस्टोन चायना’ वाचलं आणि ती चीनमधली असल्याचं जाहीर केलं. तो शब्द मालाचा आहे. आपण मराठीत ‘चिनी माती’ म्हणतो आणि भांडं गुजरातेत बनलेलं असतं, तसंच हे. ‘बोन चायना’, ‘स्टोन चायना’, ‘रोझ चायना’ या सगळ्यांतला ‘चायना’ देशाच्या रकान्यात जात नाही.

ट्रंकेत पाच प्रकारची भांडी होती. एकेक घेऊ.

पहिली, मोठी खोलगट रकाबी. दावतीत एका वेळी चौघांचा पुलाव बसेल एवढी. पाठीवर पंख असलेला, बसलेला स्फिंक्स आणि त्याच्याभोवती ‘पेट्रस रेगाउट अँड कंपनी, मास्ट्रिख्ट’. देशाचं नाव नाही. पण मास्ट्रिख्ट हे हॉलंडमधलं गाव आहे आणि हा कारखाना आशियातल्या बाजारांसाठी भरपूर माल बनवायचा. म्हणजे व्यापाऱ्याच्या ‘सगळा माल इंग्लिश’ला पहिल्याच भांड्याने छेद दिला. काळाचं मात्र इथे फारसं काही हाती लागत नाही. या कारखान्यात 1836 पासून भांडी बनत होती, 1899 मध्ये कंपनीच्या नावातच ‘स्फिंक्स’ आला, तरी संस्थापकाचं नाव शिक्क्यात पुढेही चालत राहिलं. काही रकाब्यांवर याच शिक्क्याखाली ‘मेड इन हॉलंड’ असतं, आमच्यावर ते नाही. त्यावरून ती अधिक जुनी असावी असं वाटतं, पण वर सांगितल्याप्रमाणे नसलेल्या शब्दावर निकाल देता येत नाही. आम्ही वहीत लिहिलं: हॉलंड; परदादांची असू शकते, खात्री नाही.

दुसऱ्या, सहा ताटल्या. भाच्याला चीन दिसला तो यांवरच. शिक्का मुकुटाचा आणि खाली ‘जॉन्सन ब्रदर्स, इंग्लंड’. जॉन्सन बंधूंनी 1883 मध्ये इंग्लंडमधल्या हॅनली इथे काम सुरू केलं. नुसत्या कारखान्याच्या नावावरून ताटल्या 1883 च्या आधीच्या नाहीत हे पक्कं झालं, आणि ‘इंग्लंड’ शब्दामुळे त्या बहुधा 1891 नंतरच्या. दीडशे वर्षांची गोष्ट इथेही बसत नाही. ‘मेड इन’ हे दोन शब्द इंग्रजी भांड्यांवर मुख्यतः विसाव्या शतकात रुळले. आमच्या ताटल्यांवर ते नाहीत, पण या कारखान्याने नुसतं ‘इंग्लंड’ही पुढे बराच काळ वापरलं. तेव्हा परदादांच्या नोकरीचा काळ, 1909 ते 1932, या चौकटीत आरामात बसतो. त्याला विरोधी काही सापडलं नाही, एवढंच म्हणता येतं.

तिसरा, डोंगा. झाकणाची मूठ तुटलेली, कडेला सोनेरी पट्टी. पाठीवर ‘चेकोस्लोव्हाकिया’. अशा शिक्क्याने काम फार सोपं होतं, कारण इथे देशच तारीख घेऊन आलेला असतो. 28 ऑक्टोबर 1918 च्या आधी हा देश नव्हता. त्याच भागात, बोहेमियातल्या कारखान्यांत, त्याआधी बनलेल्या भांड्यांवर ‘ऑस्ट्रिया’ लिहिलेलं असे, कारण तेव्हा तो मुलूख ऑस्ट्रियाच्या राज्यात होता. 1993 च्या सुरुवातीला हा देश दुभंगला. म्हणजे एका शब्दाने खालचीही मर्यादा मिळाली आणि वरचीही. आमचा डोंगा 1918 नंतरचा. परदादा तेव्हा नोकरीत होते आणि आणखी चौदा वर्षं राहिले. आणला असू शकतो.

जर्मनीच्या भांड्यांवर हाच नियम लागतो. नुसतं ‘जर्मनी’ असेल तर काळाचा पट मोठा राहतो. ‘यू. एस. झोन’ असेल तर ते महायुद्धानंतर देश विजेत्यांमध्ये वाटला गेला त्या काळातलं, 1945 ते 1949 चं. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर 1949 ते 1990. ‘बव्हेरिया’ हे देशाचं नव्हे, जर्मनीतल्या प्रांताचं नाव, तेव्हा ते गावाच्या रकान्यात लिहायचं. आमच्या ट्रंकेत जर्मन भांडं नव्हतं, पण शेजारच्या बिऱ्हाडात निघालं, आणि त्यांच्या ‘नानाच्या लग्नातली’ बरणी ‘वेस्ट जर्मनी’ची निघाली. नानांचं लग्न 1941 सालचं.

चौथी, एक एकटी बशी. तिच्यावर व्यापाऱ्याने खास बोट ठेवलं होतं. शिक्क्यात ‘नोरिताके’, त्याखाली ‘निप्पॉन तोकी कैशा’ आणि शेवटी ‘मेड इन जपान’. त्याचं म्हणणं, निप्पॉन लिहिलेलं असेल तर माल 1921 च्या आधीचा. या नियमात तथ्य आहे. निप्पॉन हे जपानचं जपानी नाव. अमेरिकेच्या कायद्याला देशाचं नाव इंग्रजीत हवं होतं, तरी तीस वर्षं ‘निप्पॉन’ चालवून घेतलं गेलं. 1921 मध्ये तिथल्या सरकारने ठरवलं की हा जपानी शब्द आहे, इंग्रजी नाव ‘जपान’ हवं. त्यामुळे देशाच्या ओळीत फक्त ‘निप्पॉन’ असलेली भांडी साधारण 1891 ते 1921 मधली मानतात. पण आमच्या बशीवर निप्पॉन देशाच्या ओळीत नाहीच. ‘निप्पॉन तोकी कैशा’ हे कंपनीचं नाव आहे, ‘जपान चिनी माती कंपनी’ अशा अर्थाचं. ही कंपनी 1904 मध्ये नागोयाजवळच्या नोरिताके गावी सुरू झाली आणि 1981 पर्यंत तिच्या नावात निप्पॉन होता. देशाची ओळ वेगळी, ती ‘मेड इन जपान’. पाच रकाने केले नसते तर आम्हीही व्यापाऱ्याला मान हलवली असती.

इथे आपल्या मुंबईसाठी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. ‘मेड इन जपान’ दिसलं की भांडं 1921 नंतरचं, असं पुस्तकी नियम सांगतो. तो अमेरिकेला गेलेल्या मालाचा नियम आहे. याच नोरिताके कंपनीने ब्रिटन आणि ब्रिटिश मुलखातल्या बाजारांसाठी 1908 मध्ये लंडनला एक वेगळं चिन्ह नोंदवलं. गोलाकार, पाय पसरलेल्या कोळ्यासारखं दिसणारं. त्याच्यासोबत ‘मेड इन जपान’ तेव्हापासूनच येत होतं. मुंबई ब्रिटिश मुलखात होती. म्हणून आपल्याकडच्या बशीवर ते कोळ्यासारखं चिन्ह असेल तर ती 1921 च्या आधीचीही असू शकते. शिक्का वाचताना ‘हे शब्द कधी आले’ एवढंच विचारून भागत नाही, ‘ते कुणाच्या कायद्यासाठी आले आणि हा माल कुठे चालला होता’ हेही विचारावं लागतं. आमच्या बशीवर ते चिन्ह नव्हतं. कंपनीच्या नावासकटचा असा शिक्का दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांतल्या मालावर नेहमी दिसतो. म्हणून आम्ही तिला परदादांच्या ओळीत न धरता बाजूला ठेवली.

पाचवा, चहाचा संच. सहा कप, पाच बशा, पातळ, पांढरेशुभ्र, गुलाबी फुलांचे. खरं भांडण यांच्यावरच होतं, कारण संचाला धक्का लागलेला नव्हता आणि सगळ्यांना तोच हवा होता. मुलुंडच्या चाचांची समजूत होती की हे कप परदादांनी लंडनहून आणले. आम्ही बशी उलटी केली. गुलाबाचं चित्र, ‘रोझ चायना’ आणि खाली ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’.

ऑक्युपाइड जपान म्हणजे ताब्यात घेतलेला जपान. 1945 मध्ये जपान हरला आणि देश अमेरिकेच्या नेतृत्वाखालील फौजांच्या ताब्यात गेला. 1947 मध्ये परदेशी व्यापाराला पुन्हा परवानगी मिळाली, तेव्हा बाहेर जाणाऱ्या मालावर हे शब्द घालणं आलं. 28 एप्रिल 1952 ला ताबा संपला आणि हे शब्दही संपले. त्याआधी वा त्यानंतर कुठल्याच कारखान्याला ते लिहिण्याचं कारण नव्हतं. शिक्का वाचणाऱ्याला इतका छोटा काळ क्वचितच मिळतो. त्यात ‘रोझ चायना’ने तो आणखी आवळला. युद्धानंतर नोरिताकेला चांगला कच्चा माल मिळेना. उतरलेल्या दर्जाच्या मालावर आपलं नाव घालायचं नाही असं कंपनीने ठरवलं आणि 1946 ते 1948 च्या सुमाराला माल ‘रोझ चायना’ नावाने विकला. दोन्ही शब्द एकत्र आले की काळ 1947-48 च्या आसपास येतो. परदादांचा इंतकाल 1938 मधला.

चाचांनी रास्त शंका काढली की शिक्का खोटा असेल. ती शंका घ्यायलाच हवी, कारण ‘ऑक्युपाइड जपान’ला शौकीन लोक जास्त पैसे देतात, म्हणून नव्या मालावर हे शब्द मागाहून छापणारेही आहेत. तपासायची रीत सोपी आहे. बऱ्याच भांड्यांवर शिक्का झिलईच्या खाली असतो. त्यावर नख फिरवलं तर काहीच लागत नाही, काचेखालच्या अक्षरांसारखं. शिक्का झिलईच्या वर असेल तर नखाला किंचित उंचवटा लागू शकतो. तोही भट्टीत भाजलेला असेल तर पक्का राहतो. मागाहून शाईने मारलेला असेल तर नेलपॉलिश काढायच्या द्रावणात भिजवलेल्या कापसाने निघून येतो. आम्ही कापूस फक्त शिक्क्यावर फिरवला, सोनेरी कडेला लागू दिला नाही. कापूस पांढरा राहिला. उलटी लबाडीही असते. ‘मेड इन’ची ओळ घासून काढतात म्हणजे भांडं जुनं भासतं. तिथे झिलई गेलेला खरखरीत, मंद पट्टा दिसतो. तसाही पट्टा नव्हता.

सहापैकी दोन कपांवर शिक्का मुळीच नव्हता. आधी सांगितलंच की संचातल्या प्रत्येक भांड्यावर तो असायचाच असं नाही. आम्ही ते दोन कप शिक्क्याच्या कपांशेजारी उलटे ठेवले, तळाच्या कड्याची रुंदी, फुलाच्या पाकळ्यांच्या रेघा, कानाचा बाक, हातातलं वजन पाहिलं. सगळं जुळलं. एकाच संचातले म्हणून त्यांना एकत्र ठेवलं.

शिक्का इथवरच नेतो. तो भांडं कधी बनलं ते सांगतो, घरात कधी आलं, कुणी आणलं, कुणाच्या पैशांनी, हे सांगत नाही. 1948 मध्ये बनलेला माल दुकानात चार-पाच वर्षं पडून राहू शकतो. म्हणून आम्ही वही घेऊन घाटकोपरला फुफूकडे गेलो. तिचं वय पंचाहत्तरीच्या पुढे. संचाचा फोटो पाहून ती म्हणाली, ‘हे तर अम्माचे कप. शिलाई मशीनच्या पैशाचे.’

दादी 1949 मध्ये लग्न होऊन अंधेरीला आली. दादांच्या पगारात भागत नव्हतं, म्हणून ती घरी मशीनवर झबली, परकर आणि उशांचे अभ्रे शिवून द्यायची. फुफूच्या सांगण्याप्रमाणे कप दादीने तिच्या जन्माआधीच घेतले होते, वर्षभराची शिलाई भिशीत टाकून. ईदला शीरखुर्म्यानंतर पाहुण्यांना चहा त्याच कपांतून जायचा आणि दादी ते दुसऱ्या कुणाला धुऊ द्यायची नाही. ‘मग परदादांचे कप असं का म्हणायचे सगळे?’ आम्ही विचारलं. फुफू म्हणाली, ‘अरे, ट्रंक परदादांची होती ना. ट्रंकेत जे गेलं ते त्यांचं झालं.’

फुफूची आठवण एकटी असती तर मुलुंडच्या घराला ती एका बाजूची साक्ष वाटली असती. शिक्का एकटा असता तर त्याने फक्त परदादांना वगळलं असतं, दादीपर्यंत पोचवलं नसतं. दोन्ही एकमेकांना धरून उभे राहिले. चाचांनी वही दोनदा वाचली, नल्लीतली शेवटची तारीख स्वतः पाहिली आणि म्हणाले, ‘वहिनीचं आहे ते. आमचा त्यावर हक्क नाही.’ त्यांच्या वडिलांसाठी दादी म्हणजे वहिनी, आणि त्यांच्या घरात तिला तेच नाव पडलं होतं.

वाटणी मग शांतपणे झाली. रकाबी, ताटल्या आणि डोंगा परदादांचे असू शकतात, त्याला विरोधी काही सापडलं नाही, म्हणून ते दोन्ही घरांचे धरले. रकाबी मुलुंडला गेली, सोबत तीन ताटल्या. चहाचा संच अब्बांच्या आणि फुफूच्या हिश्शाचा होता. आम्ही भावंडांनी आमचा भाग खुशीने फुफूला दिला. नोरिताकेच्या एकट्या बशीवर कुणीच दावा केला नाही. संचाला एक बशी कमी पडत होती, तेव्हा तीही फुफूने ठेवून घेतली. व्यापाऱ्याला आम्ही नकार कळवला.

प्रत्येक भांड्याबरोबर आम्ही एक चिठ्ठी ठेवली आहे. तिच्यावर शिक्क्याचा मजकूर अक्षरशः उतरवला आहे. खाली दोन ओळी: शिक्क्यावरून काय कळतं, आणि घरातल्या कुणी काय सांगितलं. या दोन ओळी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या, म्हणजे पुढच्या पिढीला कशावर किती भिस्त ठेवायची ते कळेल. रकाबीच्या चिठ्ठीत पहिल्या ओळीत ‘हॉलंड, मास्ट्रिख्ट, साल नक्की नाही’ एवढंच आहे. कपांच्या चिठ्ठीत पहिल्या ओळीत ‘जपान, 1947-48 च्या सुमाराचा माल’ आणि दुसऱ्या ओळीत दादीचं नाव.